मालेगावच्या एका एकरात कापसाचा क्विंटल कितीला पडतो? नव्याने कपाशी लावणाऱ्यांसाठी हिशेबाची पद्धत

नाशिक जिल्हा म्हटलं की द्राक्षं आणि कांदा आठवतो. पण निफाड-दिंडोरी मागे टाकून पूर्वेकडे मालेगाव, नांदगाव, येवल्याच्या बाजूला आलात की खरिपात मका आणि कपाशी दिसू लागते. झोडगे, सौंदाणे, अंदरसूल या पट्ट्यात दरवर्षी काही नवे लोक कपाशीत उतरतात. कुणी नोकरी सोडून घरच्या शेतीत आलेला असतो, कुणी शेजाऱ्याचं रान खंडाने घेतलेलं असतं. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: एकरी किती खर्च येतो?

हा प्रश्न अर्धाच आहे. बाजारात भाव क्विंटलवर मिळतो, म्हणून खर्चही क्विंटलवर आणल्याशिवाय दोन्हींची तुलना होत नाही. आणि तो आणताना एकूण खर्चाला क्विंटलने भागून टाकणं ही सर्रास चालणारी पण चुकीची रीत आहे. कपाशीत दोन जातींचे खर्च असतात. नांगरट, बियाणं, खत, खुरपणी हा खर्च एकरावर बसतो. पाच क्विंटल निघाले काय आणि बारा निघाले काय, तो तेवढाच. वेचणी आणि वाहतुकीचा खर्च मात्र प्रत्येक क्विंटलबरोबर नव्याने येतो. हे दोन वेगळे लिहिले की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात.

खाली ठिबकवरच्या एका एकराचा पूर्ण हिशेब मांडला आहे. बियाण्याची, युरिया-डीएपीची किंमत आणि हमीभाव हे २०२५ च्या खरिपाचे सरकारी दर आहेत. मजुरी, ट्रॅक्टर, शेणखत, औषधं यांचे दर उदाहरणासाठी धरले आहेत. तुमच्या गावातला दर वेगळा असेल तर तो घाला, पद्धत तीच राहील.

आधी एकर मोजा

हे हास्यास्पद वाटेल, पण बहुतेक हिशेब इथेच बिघडतात. ज्याला गावात ‘एकरभर’ म्हणतात ते रान कधी ३२ गुंठ्यांचं असतं, कधी ४६. सातबाऱ्यावरच्या क्षेत्रात पोटखराबा असतो, बांध असतो, विहिरीची जागा असते. प्रत्यक्ष जेवढ्यात कपाशी उभी आहे तेवढं क्षेत्र मोजून घ्या आणि ४० गुंठ्यांचा एक एकर या मापाने सगळं लिहा. शेजारी ‘एकरी पंधरा काढला’ म्हणतो तेव्हा त्याचा एकर किती गुंठ्यांचा आणि पंधरा हे वजनकाट्यावरचे की ट्रॉलीच्या अंदाजाचे, हे विचारल्याशिवाय तो आकडा आपल्या वहीत घेऊ नका.

मशागत आणि शेणखत

उन्हाळ्यात एक खोल नांगरट लागते. ती नुसती ढेकळं काढण्यासाठी नसते. मागच्या वर्षीच्या गुलाबी बोंडअळीचे कोष वर येऊन उन्हात मरतात, हा तिचा मोठा फायदा. पलटी नांगराचे २,०००, त्यावर रोटर मारायचे १,४०० आणि सऱ्या किंवा गादीवाफे पाडायचे १,००० असे ४,४०० रुपये धरू.

शेणखताच्या दोन ट्रॉल्या, प्रत्येकी ३,५०० रुपयांनी, म्हणजे ७,००० होतात. हे सगळे कपाशीच्या नावावर टाकायचे नाहीत. आपल्याकडे कपाशी निघाल्यावर त्याच रानात उन्हाळ कांदा लागतो आणि त्या खताचा निम्मा लाभ तो घेतो. म्हणून कपाशीकडे ३,५०० लिहा आणि उरलेले कांद्याच्या पानावर. घरचं शेणखत असेल तरी शून्य लिहू नका. विकलं असतं तर काय आलं असतं, ती रक्कम लिहा.

याच पानावर आत्ताच आणखी एक ओळ लिहून ठेवा, कारण नंतर ती हमखास विसरली जाते. हंगाम संपल्यावर पऱ्हाटी उपटायला किंवा यंत्राने बारीक करायला लागणारे २,००० रुपये कपाशीचेच असतात. बरेच जण ते कांद्याच्या मशागतीत ढकलतात आणि मग कपाशी स्वस्त, कांदा महाग दिसतो.

बियाणं: बोलणी जास्त, खर्च कमी

बीजी-२ कपाशीचं ४७५ ग्रॅमचं पाकीट येतं. त्याची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवतं. २०२५ च्या खरिपासाठी ती ९०१ रुपये होती. चार फूट बाय दीड फुटावर एका एकरात ७,२६० झाडं बसतात. एका जागी एकच बी टोकलं तर दोन पाकिटांत एकर होतो, म्हणजे १,८०२ रुपये. टोकणीला चार बाया, ३०० रुपये रोजाने १,२००. आठवड्याभराने नांग्या भरायला एक बाई, ३००. एकूण साधारण ३,३००.

चर्चेत असलेल्या वाणाचं पाकीट कधी कधी छापील किमतीपेक्षा चढ्या दराने विकलं जातं. समजा पाकिटामागे ५०० जादा गेले, तर एकराला हजार होतात आणि नऊ क्विंटलवर विभागले की क्विंटलला १११ रुपये. ते देऊ नयेतच, पण रोज दुकानापुढे उभं राहून ज्याची चिंता करावी असा हा खर्च नाही. नांग्या राहिल्या तर त्यापेक्षा जास्त जातं. दहा टक्के जागा रिकाम्या राहिल्या तरी खुरपणी, फवारणी पूर्ण एकराची करावी लागते.

तणनाशक सहन करणारं बियाणं गुपचूप विकलं जातं, ते मात्र घेऊ नका. त्याला मान्यता नाही, त्याचं बिल मिळत नाही आणि उगवलं नाही तर तक्रार करायला हातात कागद नसतो. पक्कं बिल आणि पाकिटाचं रिकामं वेष्टन हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा.

लागवडीची घाई हाही एक लपलेला खर्च आहे. गुलाबी बोंडअळीची साखळी तोडण्यासाठी १ जूनच्या आधी कपाशी लावू नये असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. कोरडवाहू रानात ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय टोकणी करू नये, हेही तितकंच महत्त्वाचं. पहिल्या सरीवर टोकलं आणि पावसाने ओढ दिली की दुबार लागवड येते. पुन्हा दोन पाकिटं, पुन्हा टोकणी, म्हणजे ३,००० रुपये. कोरडवाहू एकरात साडेचार क्विंटल धरले तर एवढ्यानेच क्विंटल ६६७ रुपयांनी महागतो.

खत

बागायती बीटी कपाशीला हेक्टरी १२० किलो नत्र, ६० स्फुरद आणि ६० पालाश ही रूढ शिफारस आहे. एकरावर आणली तर ४८, २४, २४. गोण्यांत सांगायचं तर एक डीएपी, दोन युरिया आणि एक पोटॅश. पोटॅश त्यात थोडं उरतं. डीएपीची गोणी १,३५०, युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैसे, पोटॅश १,७०० धरू. वर मॅग्नेशियम सल्फेट आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांचे ४००. सगळे मिळून ४,००० आणि खत द्यायला दोन वेळची मजुरी ६००, असे ४,६००.

मॅग्नेशियमचे पैसे वाचवावेसे वाटतात. पण ऑक्टोबरात रात्री थंडावल्या, बोंडं भरत आली आणि झाडाला नत्र-मॅग्नेशियम कमी पडलं की पानं लाल पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. यालाच लाल्या म्हणतात. पान लाल झाल्यावर फवारून फारसं परत मिळत नाही आणि वरची बोंडं बारीक राहतात. हलक्या, मुरमाड रानात हे आधी दिसतं.

युरियाबरोबर नको असलेली बाटली किंवा पुडी घ्यायला लावतात, असा अनुभव बऱ्याच जणांना येतो. घ्यावीच लागली तर ती वेगळ्या ओळीवर लिहा, खताच्या दरात मिसळू नका. वर्षअखेरीस त्या ओळींची बेरीज पाहिली की पुढच्या वर्षी गटाने एकत्र खत आणण्याची बोलणी सोपी होतात.

तण आणि मजूर: इथे हिशेब जड होतो

पहिले साठ दिवस रान स्वच्छ ठेवावं लागतं. दोन खुरपण्या धरू. पहिलीला नऊ बाया, दुसरीला सात, म्हणजे सोळा रोज आणि ४,८००. मध्ये बैलजोडीने दोन कोळपण्या, प्रत्येकी १,०००. बेरीज ६,८००. एकरावर बसणाऱ्या खर्चात ही सगळ्यात मोठी रक्कम आहे, बियाण्याच्या पाकिटांच्या जवळजवळ चौपट.

ती वाढते कशी, हे पाहण्यासारखं आहे. जुलैत झड लागली की आठवडाभर रानात पाऊल टाकता येत नाही. तोवर तण गुडघ्याला येतं आणि जिथे नऊ बाया पुरल्या असत्या तिथे सोळा लागतात. शिवाय त्याच आठवड्यात सगळ्या गावाला मजूर हवे असतात, म्हणून रोजही वाढतो आणि दुसऱ्या गावाहून बाया आणायच्या तर रिक्षाभाडंही आपल्याच माथी. म्हणून टोकणीनंतर लगेच, बी उगवण्याआधी जमिनीवर मारायचं पेंडीमेथालिन अनेक जण वापरतात. त्याचा खर्च एका खुरपणीपेक्षा बराच कमी येतो, पण ओल असेल तरच ते काम करतं. कोरड्या मातीवर मारलं तर औषधही गेलं आणि खुरपणीही आली.

काम रोजाने द्यायचं की उक्तं, याचा एक नियम नाही. खुरपणी उक्ती दिली की लवकर आटोपते पण झाडाच्या बुडाशी तण तसंच राहतं. माझं मत विचाराल तर पहिली खुरपणी रोजाने आणि स्वतः हजर राहून करावी, दुसरी उक्ती चालते.

फवारणी

मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी यांच्यासाठी आणि पुढे बोंडअळीसाठी मिळून पाच फवारण्या धरू. औषध आणि फवारणाऱ्याचा रोज मिळून एकीला ८५०, असे ४,२५०. कामगंध सापळे दोन, त्यांच्या गोळ्यांसकट २५०. एकूण ४,५००.

सापळ्याचे २५० रुपये हा या पानावरचा सगळ्यात कामाचा खर्च आहे, कारण तो नको असलेली फवारणी थांबवतो. सलग तीन रात्री सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग सापडले, किंवा शंभर फुलं-बोंडं तपासून दहा किडलेली निघाली, तर फवारणी करायची. त्याआधी नाही. कळी गुलाबासारखी मिटलेली दिसली, म्हणजे डोमकळी झाली, तर आत अळी असते. ती तोडून नष्ट करायची. दुकानदाराने सुचवलं म्हणून तीन औषधं एकत्र करून मारली की फवारणी ८५० वरून दीड हजारावर जाते आणि नेमकं कशाने काम केलं ते कळतही नाही.

पाणी फुकट नसतं

साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल २०२४ पासून राज्यात मोफत वीज आहे, म्हणून पुष्कळ जण पाण्यापुढे शून्य लिहितात. पण ठिबक झिजतं, मोटर जळते, पाईप उंदीर कुरतडतात. अनुदान वजा जाता ठिबकाला आपल्या खिशातून २५,००० गेले आणि नळ्या पाच वर्षं चालल्या, तर वर्षाला ५,००० पडतात. त्याच नळ्यांवर खरिपात कपाशी आणि नंतर कांदा घेतला तर कपाशीकडे २,५००. मोटर-दुरुस्तीचे ७०० धरले की ३,२०० झाले.

पावसाळ्यात पाण्याची गरज फार नसते. ती लागते ऑगस्टच्या ओढीत पाते-फुलं लागताना आणि ऑक्टोबरात बोंडं भरताना. या दोन वेळांना पाणी मिळालं नाही तर पात्यांची गळ होते, आणि ठिबकावर लिहिलेले पैसे वाया जातात. विहिरीला ऑक्टोबरात पाणी राहतं का, हे आधी गावकऱ्यांना विचारा.

बेरीज

| एकरावर बसणारा खर्च | रुपये |
|---|---|
| मशागत | ४,४०० |
| शेणखत (निम्मा वाटा) | ३,५०० |
| बियाणं, टोकणी, नांग्या | ३,३०० |
| खत आणि ते देण्याची मजुरी | ४,६०० |
| खुरपणी, कोळपणी | ६,८०० |
| फवारणी, सापळे | ४,५०० |
| पाणी, ठिबकाची झीज | ३,२०० |
| पऱ्हाटी काढणं | २,००० |
| एकूण | ३२,३०० |

आता क्विंटलबरोबर येणारा खर्च. वेचणी किलोवर ठरते. पहिल्या बहराला बोंडं टपोरी असतात, बाईचा दिवस भरतो, म्हणून दर कमी. शेवटी बोंडं विरळ झाली की त्याच किलोला जास्त मागतात आणि ते रास्तही आहे. हंगामाची सरासरी ११ रुपये धरली तर क्विंटलला १,१००. गोणी, भराई, वाहतूक १५०. म्हणजे १,२५०.

नऊ क्विंटल निघाले तर ३२,३०० भागिले ९, म्हणजे ३,५८९, अधिक १,२५०. क्विंटल ४,८३९ रुपयांना पडला. बारा निघाले तर ३,९४२. सहाच निघाले तर ६,६३३. आणि बोंडअळीने किंवा ऑक्टोबरच्या पावसाने घास नेला आणि चारच हाती आले, तर ९,३२५. रान तेच, खर्चाची वही तीच, पण बाराचे चार झाले की क्विंटलचा खर्च दुपटीहून अधिक झाला. म्हणून ‘कापसाचा उत्पादन खर्च किती’ याचं उत्तर उताऱ्याशिवाय देताच येत नाही.

स्वतःचे हात आणि स्वतःचं रान

वरच्या ४,८३९ मध्ये फक्त खिशातून गेलेले आणि झिजलेले पैसे आहेत. पाणी सोडणं, मजुरांवर लक्ष ठेवणं, रात्री मोटर चालू करायला जाणं हे घरच्यांनी केलं. त्याचे वीस रोज, ४०० रुपयांनी, म्हणजे ८,००० धरले तर क्विंटल ५,७२८ ला जातो. रान खंडाने घेतलं असेल आणि खरिपाच्या वाट्याला १०,००० येत असतील तर ६,८३९. रान स्वतःचं असलं तरी तो खंड मनात धरावा, कारण कपाशी न लावता ते दुसऱ्याला दिलं असतं तर तेवढे मिळाले असते.

हमीभाव ठरवतानाही हाच भेद केला जातो. कृषी खर्च व मूल्य आयोग खिशातला खर्च आणि घरच्यांची मजुरी मिळून एक आकडा काढतो. कापसासाठी २०२५-२६ चा देशाचा सरासरी आकडा क्विंटलला ५,१४० होता. त्याची दीडपट म्हणजे ७,७१० हा मध्यम धाग्याचा हमीभाव. लांब धाग्याला ८,११०. स्वतःच्या जमिनीचा खंड या ५,१४० मध्ये नाही, हे लक्षात घेतलं की ‘दीडपट भाव’ ऐकूनही रानाचा खंड मनात धरला की हाती कमी का उरतं ते समजतं.

उधारीचं व्याज इथेच लिहा. पीककर्ज तीन लाखांपर्यंत वेळेत फेडलं तर राज्यात व्याज पडत नाही. दुकानातून उधार घेतलेल्या औषध-खताला मात्र व्याज वेगळं दिसत नाही, ते दरातच मिसळलेलं असतं. रोखीचा दर आणि उधारीचा दर दोन्ही विचारून फरक लिहा.

लावण्याआधी करायचं एकच गणित

किती क्विंटलला आपण सुटतो, हे जूनमध्येच काढता येतं. अपेक्षित भावातून क्विंटलचा खर्च वजा करा आणि एकराच्या खर्चाला त्या बाकीने भागा. भाव ७,५०० धरला तर ७,५०० वजा १,२५०, बाकी ६,२५०. ३२,३०० ला ६,२५० ने भागलं की ५.१७. म्हणजे खिशातले पैसे परत यायला एकरी सव्वापाच क्विंटल हवेत. घरची मजुरी धरली तर साडेसहाच्या जवळ, खंडही द्यायचा असेल तर आठ.

आता गावातल्या तीन-चार जणांना विचारा की त्याच प्रकारच्या रानात गेल्या तीन हंगामांत काय निघालं. दर वर्षी आठच्या वर जाणारं रान असेल तर खंडाने घ्या. एक वर्ष दहा आणि दोन वर्षं सहा असेल तर त्या खंडात ते रान परवडत नाही. मालकाशी वाट्याने करण्याची बोलणी करा, म्हणजे बुडाला तर दोघांचं बुडेल.

कोरडवाहू एकराचं गणित उलट वाटतं. ठिबकाचे ३,२०० नाहीत, शेणखत नाही, खत थोडं कमी, फवारण्या तीनच. एकराचा खर्च २२,८०० वर येतो आणि साडेतीन-पावणेचार क्विंटलला माणूस सुटतो. साडेचार निघाले तर क्विंटल ६,३१७ ला पडतो, म्हणजे बागायतीपेक्षा महाग. तरीही बुडण्याची रक्कम लहान असते. पहिल्याच वर्षी कर्ज काढून पाच एकर बागायती लावण्यापेक्षा हे पुष्कळांना मानवतं.

ओला क्विंटल, वाळलेला क्विंटल

दिवाळीच्या आसपास सकाळी दव असतं. सकाळी सातला वेचलेला कापूस काट्यावर भरपूर भरतो आणि वेचणीही तेवढ्या किलोची द्यावी लागते. पण १२ टक्के ओलाव्याचा १०० किलो कापूस ८ टक्क्यांवर वाळला की साडेपंचाण्णव किलोच्या आसपास राहतो. नऊ क्विंटल होते ते ८.६ झाले. उतारा नेहमी वाळल्यावरच्या वजनाने लिहा आणि दव उडाल्यावरच वेचणी सुरू करा.

हमीभावाने भारतीय कापूस महामंडळाला घालायचा तर ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव मिळतो, पुढे प्रत्येक टक्क्याला त्या प्रमाणात कपात होते आणि १२ च्या वर कापूस घेत नाहीत. ११ टक्क्यांचा लांब धाग्याचा कापूस नेला तर ८,११० मधून साधारण २४३ रुपये गेले. त्यासाठी सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीत कपाशीची नोंद हवी आणि आधार जोडलेलं बँक खातं हवं. २०२५ च्या हंगामापासून कपास किसान अ‍ॅपवर नोंदणीही करावी लागते. ही कामं ऑगस्ट-सप्टेंबरात करा. वेचणीच्या धांदलीत पीक पाहणीची मुदत निघून जाते आणि मग खेडा खरेदीवाला जो भाव देईल तो घ्यावा लागतो. त्याच्याकडे घालताना वजन आपल्यासमोर करून घ्या आणि गोणीमागे किती घट धरतो ते तोलण्याआधी ठरवा. क्विंटलला दोन किलो घट म्हणजे ७,००० च्या भावात १४० रुपये झाले.

नोव्हेंबरात फरदड ठेवायची का?

फरदड म्हणजे मुख्य वेचण्या झाल्यावर पऱ्हाटी न काढता त्याच झाडांवर आणखी कापूस घेणं. इथे सरासरी खर्च उपयोगाचा नाही. ३२,३०० पैकी जवळजवळ सगळे जाऊन चुकलेले असतात. प्रश्न एवढाच असतो की पुढच्या दीड क्विंटलसाठी आणखी किती घालायचे.

दोन फवारण्या, युरियाची एक गोणी आणि पाणी-मजुरी मिळून २,३०० धरू. वेचणी आता १५ रुपये किलो, म्हणजे वाहतुकीसह क्विंटलला १,६५०. दीड क्विंटलवर हिशेब केला तर क्विंटल ३,१८३ ला पडतो. माल कवडीचा, डागी. भाव ५,५०० मिळाला असं समजू. दीड क्विंटलमागे साडेतीन हजारांच्या आत राहतात. कागदावर नफा आहे.

पण आपल्याकडे त्याच रानाची वाट कांद्याचं रोप पाहत असतं. उन्हाळ कांद्याची लागवड डिसेंबर-जानेवारीत व्हायला हवी; फरदडीमुळे ती महिनाभर लांबली की कांदा पोसायच्या वेळी ऊन वाढतं, फुलकिडे वाढतात आणि गाठ बारीक राहते. एका एकर कांद्यात साडेतीन हजारांची घट यायला दोन-चार क्विंटलही पुरतात. कांदा लावायचा नसेल आणि रान तसंही पडून राहणार असेल तरी फरदडीत गुलाबी बोंडअळी पोसली जाते, तिचा खर्च पुढच्या जुलैनंतरच्या फवारण्यांत निघतो. त्यामुळे नोव्हेंबरअखेर शेवटची वेचणी करावी, डिसेंबर लागताच पऱ्हाटी काढावी. काढलेली पऱ्हाटी जळणासाठी बांधावर रचून ठेवू नका, किडक्या बोंडांत अळी तशीच बसून राहते. यंत्राने बारीक करून रानातच गाडली तर ते २,००० रुपये थोडे खताच्या पानावरही जमा होतात.